मंगळसूत्राच्या बिलातल्या ओळी

लग्नसराईत मालाड स्टेशनच्या दोन्ही बाजूंना सराफांच्या दुकानांत बसायला जागा मिळत नाही. मंगळसूत्राची लांबी किती असावी, वाट्या साध्या घ्याव्यात की नक्षीच्या, मध्ये पदक हवे की नको, यावर घरातल्या चारजणी तास-दीड तास मत देतात. बिल मात्र अर्ध्या मिनिटात घडी होऊन डबीखाली जाते. त्यातली शेवटची रक्कम सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या वरच्या आठ-दहा ओळी बहुधा कुणीच वाचलेल्या नसतात, आणि ती रक्कम ठरते ती याच ओळींमध्ये.

या ओळी समजून घ्यायला मंगळसूत्रासारखा दागिना नाही. त्यात सोने असते, काळे मणी असतात, कधी पदकात खडे असतात, आणि हे सगळे एकाच वेळी तराजूवर चढते. बिलात होणारे बहुतेक घोळ या एका दागिन्यात दाखवता येतात. म्हणून उदाहरणादाखल एक बिल घेऊ. दागिना बावीस कॅरेटचा, दोन वाट्यांचा, काळ्या मण्यांचे दोन पदर असलेला आणि पदकात अमेरिकन डायमंडचे बारीक खडे बसवलेला आहे. सोन्याचा भाव रोज हलतो, पण हिशेब सोपा जावा म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला सरळ १०,००० रुपये धरू.

बिलाच्या माथ्यावर दुकानाचे नाव, तारीख आणि जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या दुकानाचा हा पंधरा अक्षरी क्रमांक २७ ने सुरू होतो. त्याखाली दागिन्याचे वर्णन येते, आणि तिथेच शुद्धता लिहिलेली हवी: ‘२२ कॅरेट ९१६’. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, बाकी तांबे, चांदी किंवा जस्तासारखा धातू. अठरा कॅरेटला ७५० आणि चौदा कॅरेटला ५८५ असा आकडा असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या नियमांप्रमाणे हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलात चार गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात: दागिन्याचे वर्णन, मौल्यवान धातूचे निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धतेचा आकडा, आणि हॉलमार्कचा आकार. नुसते ‘मंगळसूत्र १ नग’ असे लिहून खाली रक्कम टाकलेले बिल इथेच अपुरे ठरते.

आता वजनाकडे वळू, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

पहिला आकडा ‘ग्रॉस वेट’, म्हणजे एकूण वजन. दागिना जसा आहे तसा काट्यावर ठेवला की पडद्यावर दिसते ते हे वजन. आपल्या उदाहरणात ते २२.४८० ग्रॅम आहे. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे मिलिग्रॅमपर्यंत, वजन दाखवतो. बावीस कॅरेटचा भाव १०,००० असताना एका मिलिग्रॅमची किंमत १० रुपये होते. त्यामुळे दागिन्याला दोऱ्याने बांधलेले किमतीचे लेबलही काढून ठेवायला सांगावे. त्याचे वजन थोडे असले तरी ते सोन्याच्या भावाने मोजले जाऊ नये. काटा रिकामा असताना पडद्यावर ०.००० दिसते का, हे आधी पाहावे. काट्यावर वैध मापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असतो आणि त्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावलेले असते. ते कुठे आहे असे विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

दुसरा आकडा वजावटीचा असतो. बिलावर तो ‘स्टोन वेट’, ‘लेस वेट’ किंवा नुसता ‘लेस’ अशा नावाने दिसतो. सोने नसलेले जे काही त्या दागिन्यात आहे ते सगळे इथे यायला हवे, फक्त खडे नव्हे. आपल्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांचे वजन २.१३० ग्रॅम आणि खड्यांचे ०.३५० ग्रॅम आहे. दोन्ही मिळून २.४८० ग्रॅम वजा केले की उरतात २०.००० ग्रॅम. हे ‘नेट वेट’, निव्वळ वजन. सोन्याचा भाव फक्त याच आकड्याला लागतो.

ही एक वजाबाकी झालीच नाही तर काय होते? सोन्याचा भाव २२.४८० ग्रॅमला लागतो. जास्तीच्या २.४८० ग्रॅमचे २४,८०० रुपये होतात. मजुरी टक्क्यांनी असेल तर तीही त्या रकमेवर चढते. बारा टक्क्यांनी आणखी २,९७६ रुपये. आणि दोन्हींवर तीन टक्के कर ८३३ रुपये २८ पैसे. म्हणजे काचेचे मणी आणि नकली खडे यांच्यापोटी २८,६०९ रुपये. तेच मणी आणि खडे वेगळ्या ओळीत स्वतःच्या किमतीने लावले असते तर हजार-दीड हजारांत भागले असते.

सरसकट वजावट न करणारे दुकान आज क्वचितच सापडेल. चूक होते ती अधिक बारीक ठिकाणी. मणी वजा होतात पण खडे राहून जातात. खडे वजा होतात पण त्यांचे वजन अंदाजाने, कमी धरून लिहिलेले असते. ओवलेल्या मंगळसूत्रातले मणी सुटे करून मोजता येत नाहीत, म्हणून कारखान्यातून आलेल्या लेबलावरचा आकडाच बिलात उतरतो. यावर साधा उपाय आहे. बहुतेक दुकानांत त्याच मापाचे सुटे काळे मणी असतात, कारण तुटलेले मंगळसूत्र ओवून देणे हे त्यांचे रोजचे काम. त्यातले शंभर मणी काट्यावर ठेवायचे, दागिन्यातल्या एका पदराचे मणी मोजायचे आणि गुणाकार करायचा. लेबलावरच्या आकड्याशी तो थोडाफार जुळला तर प्रश्न मिटला. अर्ध्या ग्रॅमचा फरक निघाला तर तो फरक ५,००० रुपयांचा आहे, आणि त्याविषयी बोलायची वेळ बिल होण्यापूर्वीची.

हिऱ्यांच्या बाबतीत आणखी एक पाऊल असते, कारण हिरा ग्रॅममध्ये नव्हे तर कॅरेटमध्ये मोजतात. सोन्याची शुद्धता सांगणारा कॅरेट वेगळा आणि रत्नाचे वजन सांगणारा कॅरेट वेगळा. रत्नाचा एक कॅरेट म्हणजे ०.२०० ग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. बिलात ‘डायमंड ०.५० कॅरेट’ लिहिले असेल तर एकूण वजनातून ०.१०० ग्रॅम कमी झालेले दिसायला हवे. एकूण ४.६०० ग्रॅमच्या अंगठीचे निव्वळ वजन अशा वेळी ४.५०० ग्रॅम होते. कॅरेटच्या आकड्याला पाचाने भागायचे की ग्रॅम मिळतात. एवढ्याने ती ओळ तपासून होते.

बोरमाळेसारख्या दागिन्यांत मात्र ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही. पारंपरिक पद्धतीच्या बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ असतात, आणि ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. लाख वजनाला असते, पण ती बाहेरून दिसत नाही आणि मणी फोडल्याशिवाय काढता येत नाही. इथे दोनच गोष्टी करता येतात. घडवणाऱ्याने लाख भरण्यापूर्वी केलेले पत्र्याचे वजन विचारायचे, आणि लाखेचे वजन बिलात वेगळे लिहून घ्यायचे. त्या दोन शब्दांचा आणि एका आकड्याचा उपयोग पुढे मोड देताना होतो. आटवताना लाख जळून जाते आणि त्या दिवशी ‘वजन का घटलं?’ या प्रश्नाचे उत्तर जुन्या बिलात सापडते.

निव्वळ वजनाला लागणारा भाव ही पुढची ओळ. दुकानात लावलेल्या फलकावर चोवीस, बावीस आणि अठरा कॅरेटचे भाव वेगळे असतात. चोवीस कॅरेटचा भाव १०,९०० असेल तर ९१६ च्या हिशेबाने बावीस कॅरेटचा ९,९८४ येतो, आणि दुकाने तो १०,००० च्या आसपास धरतात. बावीस कॅरेटच्या दागिन्याला चोवीसचा भाव लागलेला नाही ना, एवढे पाहिले तरी मोठी चूक टळते. मुंबईत झवेरी बाजारातल्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे भाव रोज जाहीर होतात, आणि सार्वभौम सुवर्ण रोख्यांच्या परतफेडीसाठी रिझर्व्ह बँकही त्यांचाच आधार घेते. त्या भावांत कर आणि मजुरी नसते. दुकानाचा भाव त्याहून थोडा वेगळा असू शकतो. तो ठरवण्याची दुकानाला मोकळीक आहे. पण तो बिलावर लिहिलेला हवा, म्हणजे गुणाकार करून पाहता येतो. आपल्या बिलात २०.००० गुणिले १०,०००, म्हणजे सोन्याची किंमत २,००,००० रुपये.

इथपर्यंतची ओळ न् ओळ मोजून पडताळता येते. पुढच्या दोन ओळी, घट आणि मजुरी, तशा नाहीत. त्या ठरवलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर बोलणी होऊ शकतात.

घट, दुकानांच्या भाषेत ‘वेस्टेज’, ही कल्पना खऱ्या कामातून आली आहे. सोन्याची लगड वितळवून ओततात, ठोकून पट्टी काढतात, पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढतात, तुकडे कापतात, सांधे जोडतात, कानशीने घासतात आणि शेवटी झिलई देतात. प्रत्येक टप्प्यावर थोडे सोने किसाच्या, धुळीच्या किंवा आगीतल्या घटीच्या रूपाने जाते. हाताने घडवलेल्या ठुशीत किंवा जाळीच्या कामात ते जास्त जाते, यंत्रावर विणलेल्या साखळीत कमी.

पण गेलेले सोने सगळेच गेलेले नसते. कारागिराच्या बैठकीसमोर किस गोळा करायची सोय असते, आणि तो किस पुन्हा आटवला जातो. पेढीची जमीन झाडून निघालेली मातीसुद्धा फुकट जात नाही. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन त्यातले सोने काढणाऱ्यांना महाराष्ट्रात झारेकरी म्हणत, आणि झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत धूळ गोळा करून सोने काढण्याचा धंदा आजही चालतो. तेव्हा बिलातले घटीचे टक्के म्हणजे त्या दागिन्यात प्रत्यक्ष नाहीसे झालेले सोने, असे समजण्याचे कारण नाही. तो दुकानाने ठरवलेला आकार आहे. यंत्रावर तयार झालेल्या साध्या साखळीवर घटीची वेगळी, जाड ओळ दिसली तर ती कशासाठी असे विचारायलाच हवे.

मजुरी, म्हणजेच घडणावळ, तीन प्रकारांनी लावतात: ग्रॅमला अमुक रुपये, सोन्याच्या किमतीवर अमुक टक्के, किंवा नगाला ठरावीक रक्कम. काही दुकाने घट आणि मजुरी एकत्र करून ‘व्ही. ए.’ या नावाची एकच टक्केवारी लावतात. यातला कुठलाच प्रकार मुळात चुकीचा नाही. फसगत होते ती दोन दुकानांची तुलना करताना.

समजा, मालाड पश्चिमेच्या एका दुकानात तेच मंगळसूत्र ‘मजुरी १२ टक्के, घट नाही’ या बोलीवर मिळते. सोन्याच्या २,००,००० वर २४,००० रुपये मजुरी. पूर्वेच्या दुसऱ्या दुकानात सांगतात, “ताई, आमच्याकडे मजुरी ग्रॅमला फक्त सहाशे, घट सहा टक्के.” सहाशे आणि सहा हे दोन्ही आकडे लहान वाटतात. हिशेब मांडला की २०.००० ग्रॅमवर सहा टक्के घट म्हणजे १.२०० ग्रॅम, तिचे १२,००० रुपये. मजुरी २०.००० गुणिले ६००, पुन्हा १२,०००. बेरीज तीच, २४,०००. दोन्ही दुकाने सारखीच निघाली.

पण ही बरोबरी एका अटीवर टिकते. मजुरी निव्वळ वजनावर लागली पाहिजे. तीच सहाशेची मजुरी एकूण वजनावर, म्हणजे २२.४८० ग्रॅमवर लावली तर १३,४८८ रुपये होतात. काळ्या मण्यांवर आणि खड्यांवर सोन्याची घडणावळ दिल्यासारखे १,४८८ रुपये जास्त. आणि मजुरी टक्क्यांनी असेल व ती घटीसह धरलेल्या २१.२०० ग्रॅमच्या किमतीवर काढली, तर सहा टक्के म्हणजे १२,००० ऐवजी १२,७२० रुपये येतात. घटीवरही मजुरी बसलेली असते. म्हणून ‘मजुरी किती?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘कोणत्या वजनावर?’ हा उरलेला अर्धा. मण्यांचे ओवकाम आणि खड्यांची जडाई यांची मेहनत असते हे खरे, आणि तिचा मोबदला दुकानाने जरूर घ्यावा. पण तो वेगळा सांगून घेतला तर ग्राहकाला तो पटतोही.

टक्क्यांच्या मजुरीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाव ग्रॅमला ५,००० असता तर या मंगळसूत्राची बारा टक्के मजुरी १२,००० झाली असती. भाव १०,००० झाला की ती २४,००० होते. दागिना तोच, नक्षी तीच, कारागिराचे तासही तेवढेच. महाग सोने हाताळण्यात दुकानाची गुंतवणूक आणि जोखीम वाढते हे खरे, पण वाढ दुप्पट व्हावी इतकी नाही. भाव चढलेले असताना ग्रॅममागे किंवा नगामागे मजुरी ठरवून घेता आली तर ती ग्राहकाच्या फायद्याची ठरते. टक्केवारी खाली आणायला सांगायचा काळही तोच.

सणासुदीला लागणारे ‘मजुरीवर २५ टक्के सूट’ हे फलक याच ओळीपुरते असतात. आपल्या बिलात २४,००० चे पंचवीस टक्के म्हणजे ६,००० रुपये, त्यावरचा कर धरून ६,१८०. सव्वादोन लाखांच्या वरच्या खरेदीत ही सूट तीन टक्क्यांहूनही कमी भरते. मिळाली तर घ्यावीच, पण सूट देण्यापूर्वी मजुरी चौदा टक्के केलेली नाही ना, हे शेजारच्या दुकानात त्याच धाटणीच्या दागिन्याची मजुरी विचारून कळते.

त्यानंतर मणी आणि खड्यांची किंमत येते. वजनातून वजा केलेल्या वस्तूंची किंमत वेगळी लावणे रास्त आहे. आपल्या बिलात ती १,५०० रुपये धरू. मात्र वजनातूनही वजावट नाही आणि वर खड्यांची किंमतही लावली आहे, असे झाले असेल तर एकाच वस्तूचे पैसे दोनदा गेले. खड्यांच्या ओळीत रक्कम असेल तर वजावटीच्या ओळीत वजन असलेच पाहिजे. बिल हातात आल्यावर या दोन ओळींवर एकाच वेळी नजर टाकावी.

आता बेरीज. सोने २,००,०००, मजुरी २४,०००, मणी-खडे १,५००, एकूण २,२५,५००. यावर वस्तू व सेवा कर तीन टक्के. १ जुलै २०१७ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हाच दर आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की तो दीड टक्का केंद्राचा आणि दीड टक्का राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. आपल्या बिलात ३,३८२ रुपये ५० पैसे अधिक तेवढेच, एकूण ६,७६५.

मजुरीवर पाच टक्के कर लागतो असे अनेकांनी ऐकलेले असते, आणि ते ऐकून बिलात गोंधळ होतो. तयार दागिना विकत घेताना सोने आणि घडणावळ ही एकच विक्री धरली जाते आणि सगळ्या रकमेवर तीनच टक्के लागतात. पाच टक्क्यांचा दर आहे तो कारागिरीच्या सेवेचा. घरातले सोने नोंदणीकृत सराफाला देऊन त्याच सोन्याच्या पाटल्या घडवून घेतल्या, तर विक्री सोन्याची होत नाही, कामाची होते, आणि त्या मजुरीवर पाच टक्के येतात. दुकानातून उचललेल्या तयार मंगळसूत्राच्या बिलात मजुरीपुढे पाच टक्के दिसले तर कारण विचारावे.

शेवटची छोटी ओळ हॉलमार्कची. सोन्याच्या प्रत्येक नगाला ४५ रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे ५३ रुपये १० पैसे. दागिना दोन ग्रॅमचा असो वा पन्नासचा, आकार हाच. हॉलमार्कच्या नावाखाली पाचशे-हजार लावले असतील तर त्याला आधार नाही. सगळे मिळून बिलाची रक्कम होते २,३२,३१८ रुपये १० पैसे. खरेदी दोन लाखांहून जास्त असल्याने पॅन क्रमांक द्यावा लागेल, आणि दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास दुकानाला आयकर कायद्यात मनाई आहे.

याच टप्प्यावर कधी कधी “कच्ची पावती करू का? टॅक्स वाचेल,” असे हळूच विचारले जाते. वाचतात ते ६,७६५ रुपये. त्या बदल्यात निव्वळ वजन, शुद्धता आणि दुकानाचे नाव यांचा एकत्र पुरावा जातो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. पण ‘एस्टिमेट’ असे छापलेल्या, जीएसटी क्रमांक नसलेल्या चिठ्ठीच्या बळावर पुढे तक्रार उभी करणे फार अवघड जाते.

बिलाचा खरा कस लागतो तो काही वर्षांनी, दागिना मोड म्हणून देताना. समजा भाव तसाच राहिला आणि तेच मंगळसूत्र परत आणले. सराफ मणी आणि खडे काढतो, उरलेले सोने यंत्रावर किंवा आटवून तपासतो, आणि २०.००० ग्रॅम ९१६ भरले तर २,००,००० रुपयांवर बोलणी सुरू करतो. मजुरी, मणी-खडे, कर आणि हॉलमार्क मिळून गेलेले ३२,३१८ रुपये परत येत नाहीत. आटवल्यावर सांध्यांच्या धातूमुळे, मळामुळे थोडी घट निघू शकते. ती किती निघाली हे समोर आटवून पाहण्याचा आग्रह धरावा. खरेदीच्या दिवशी मण्यांचे वजन कमी दाखवून निव्वळ वजन फुगवले गेले असेल, तर ते उघडे पडते ते याच दिवशी, आणि तोपर्यंत वर्षे गेलेली असतात.

मोडीच्या बदल्यात नवा दागिना घेताना कराची ओळ पुन्हा नीट वाचावी लागते. मजुरीसह ३,००,००० रुपयांच्या पाटल्या घेतल्या आणि मोडीचे २,००,००० आले, तर वरच्या १,००,००० वर ३,००० रुपये कर लागेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर, म्हणजे ९,००० रुपये. त्यानंतर मोडीचे दोन लाख वजा होऊन १,०९,००० द्यावे लागतात. घरगुती ग्राहकाने विकलेल्या जुन्या सोन्यावर मात्र ग्राहकाकडून कर घेतला जात नाही. मोडीच्या रकमेतून ‘जीएसटी’ म्हणून काही कापलेले दिसले तर ते मान्य करू नये.

वजन काट्यावर कळते, शुद्धता नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी हॉलमार्क आहे. जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर भिंगातून तीन खुणा दिसतात: मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि हा सहा अक्षरांचा क्रमांक. बीआयएस केअर हे अॅप उघडून तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र यांची माहिती येते. हातात मंगळसूत्र आणि पडद्यावर ‘अंगठी’ असे आले, तर क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना ही सक्ती नाही, त्यामुळे हलकी नथ, लहान मुलांच्या बाळ्या यांच्यावर खूण नसू शकते. कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांनाही सूट आहे. अशा वेळी बिलावर लिहिलेली शुद्धता हाच एक लेखी आधार उरतो.

शंका राहिली तर ग्राहक स्वतः मानक ब्यूरोच्या मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून दागिना तपासून घेऊ शकतो. सोने ९१६ ऐवजी ९०० निघाले असे समजू. हजारात १६ भाग कमी, म्हणजे २०.००० ग्रॅममध्ये ०.३२० ग्रॅम शुद्ध सोने कमी. चोवीस कॅरेटच्या १०,९०० भावाने त्याची किंमत ३,४८८ रुपये. मानक ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांनुसार सराफाने फरकाच्या दुप्पट, म्हणजे ६,९७६ रुपये, आणि वर तपासणीचा खर्च द्यायचा असतो. ही भरपाई दागिन्याच्या वजनावरून मोजली जाते, आणि ते वजन ग्राहकाच्या हातातल्या बिलावरच्या ‘नेट वेट’ या ओळीत लिहिलेले असते. दुकानदाराने ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर मालाडच्या ग्राहकाला मुंबई उपनगर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि तिथे अर्जासोबत बिलाची प्रत जोडावी लागते.